जे आधी होईल ते

मी लोकांना वेळेचं नियोजन शिकवतो. कंपन्या बोलावतात, बँका बोलावतात, एकदा तर खोलीभर डॉक्टरांना मी दिवस कसा आखावा हे सांगून आलोय. ही माझी रोजीरोटी आहे हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी विचारेल, या माणसाला काम देतं कोण.

तर एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात तळं झालं. कपडे धुण्याच्या मशीनने पाणी सोडायला नकार दिला आणि मग नको तिथून सोडलं. दुरुस्तीवाला आला, त्याने मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं एक छोटं झाकण उघडलं आणि आतून फिल्टर ओढून काढला. फिल्टरला धाग्यांची दाढी आली होती. दाढीत केसांच्या पिना, एक नाणं आणि माझ्या चांगल्या शर्टाचं बटण, ज्यावरून मी इस्त्रीवाल्याशी उगाच भांडलो होतो.

"हा शेवटचा कधी साफ केला होता?" त्याने विचारलं.

"हा म्हणजे कोणता?" मी म्हणालो.

माझी बायको फरशीवर बसून टॉवेल पिळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, काल तुम्ही कशावर बोलायला गेला होतात?"

तिला पक्कं माहीत होतं. "कामं वेळेवर कशी करावीत," मी सांगितलं. आता आपण पाय पुसून दुसऱ्या खोलीत जावं हे बरं, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी मी देखभालीचं कॅलेंडर करायला बसलो. घरातल्या सगळ्या यंत्रांची माहितीपत्रकं एका खणात होती. निम्मी तर पिशवीतून बाहेरही आली नव्हती. ती वाचताना मला कळलं की मी इतकी वर्षं या घरात पाहुण्यासारखा राहत होतो. एसीच्या आतल्या जाळ्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धुवायच्या असतात. फ्रिजच्या मागची नळ्यांची जाळी सहा महिन्यांनी, आधी प्लग काढून, झटकायची असते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली नळकांडी ठरावीक मुदतीला बदलायची. आणि गीझरच्या टाकीत अॅनोड नावाची एक धातूची कांडी असते. टाकीला गंज लागू नये म्हणून ती स्वतः झिजत राहते. वर्षातून एकदा ती किती उरलीय ते मेकॅनिककडून बघून घ्यायचं. ही कांडी म्हणजे थेट कुटुंबप्रमुखच, असं मी जेवताना म्हणालो. कुटुंबाला तसं वाटलं नाही.

मी प्रत्येक यंत्राला एक रंग दिला, प्रत्येक कामाला तारीख दिली आणि ते सगळं घरातल्या चारही फोनवर पाठवून दिलं. आठवण वाजायची वेळ सकाळी सात. व्याख्यानात मी नेहमी सांगतो की जबाबदारी वाटून घ्यावी.

पहिल्याच सोमवारी चारही फोन एकदम वाजले. आमच्या घरी सासूबाई आमच्याबरोबरच राहतात. त्या फोन हातात धरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, हे काय? 'चिमणी धुणे' असं आलंय."

"हो. दर महिन्याला धुवायची."

"मी खिडकीत पाणी ठेवते चिमण्यांना. धूत नाही त्यांना."

स्वयंपाकघरातला धूर ओढून घेणाऱ्या यंत्रालाही चिमणी म्हणतात, त्याच्या जाळ्यांना तेल धरतं, हे मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग तसं लिहा ना. सकाळी सकाळी जीव घाबरतो." मी तसं लिहिलं. मग बायकोची तक्रार आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, रुग्णांचे व्यायाम करून घेते. सकाळी पुढे ढकललेली आठवण क्लिनिकमध्ये एका रुग्णासमोर वाजली आणि टेबलावरचा तिचा फोन मोठ्याने म्हणाला, "आज अॅनोड." त्या गृहस्थांनी विचारलं, कुणी परदेशी पाहुणे येणार आहेत का.

मुलगी कॉलेजात आहे. तिने तक्रार केली नाही. तिने आवाज बंद करून टाकला.

पण काम होत होतं, हे कबूल करायला हवं. चिमणीच्या जाळ्या चकाकल्या. मशीनचा फिल्टर महिन्याच्या महिन्याला मी स्वतः, खाली ताट ठेवून, काढायला लागलो. फ्रिजमागून निघालेली धूळ मी सगळ्यांना बोलावून दाखवली. काम झालं की मी त्या चौकोनावर खूण करायचो आणि चौकोन हिरवा व्हायचा. हिरवा रंग माणसाला किती चढतो हे दारू न पिणाऱ्यालाच कळेल. दोन-तीन महिन्यांत मी ते कॅलेंडर व्याख्यानात पडद्यावर दाखवायला लागलो. "माझ्या घरात एकही चौकोन लाल नाही," असं म्हणून मी थांबायचो, म्हणजे लोकांना कौतुक करायला सवड मिळावी.

त्यात गाडीचाही एक चौकोन होता. निळी पट्टी, त्यात 'सर्व्हिस: वर्षातून एकदा'. गाडी बायकोची. मी कामाला बसने जातो, कंपन्या बहुतेक स्थानकाजवळच असतात. माझी एक जुनी स्कूटर आहे, ती दळण-किराण्याची.

एकदा जेवताना बायको म्हणाली, "ब्रेक लावला की चिर्र असा आवाज येतो."

मी फोन काढला. "ब्रेकची तपासणी सर्व्हिसमध्येच असते. सर्व्हिसला अजून सहा महिने आहेत."

"हे ब्रेकला माहीत आहे का?"

"धूळ बसली असेल," मी म्हणालो, आणि तिला विश्वास वाटावा म्हणून तिच्यासमोरच सहा महिन्यांनंतरच्या त्या चौकोनात नोंद केली: 'आवाजाबद्दल विचारणे.' ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मला वाटलं, नोंद आवडली.

काही दिवसांनी तिने सांगितलं की समोरच्या काचेखाली पान्याचं पिवळं चित्र लागतंय. मी म्हणालो, "ते लवकर लागतं. कंपन्यांना धंदा करायचा असतो." त्याच जेवणात ती आणखीही काही सांगत होती. गेल्या काही महिन्यांपासून गावाच्या त्या टोकाचे रुग्ण घेतलेत, पक्षाघाताचे, त्यांना घराबाहेर पडता येत नाही म्हणून आपणच जातो वगैरे. मी "हो का" म्हणालो. त्या वेळी मी 'झालं' आणि 'वेळेआधी झालं' यांसाठी दोन वेगळे हिरवे रंग निवडत होतो आणि त्या दोहोंतला फरक डोळ्यांना पटत नव्हता.

मग तो बुधवार आला. दुसऱ्या दिवशी माझं एका मोठ्या कंपनीत व्याख्यान होतं आणि मला वाटलं, पडद्यावर गाडीचा एक फोटो असावा. काचेखालचे आकडे दिसतील असा. नियोजन म्हटलं की आकडे शोभतात. सकाळी बायको चहा घेत होती तोवर मी किल्ली घेऊन खाली गेलो आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसलो.

त्या जागेवर मी बऱ्याच दिवसांत बसलो नव्हतो. पाठीला एक गोल उशी लावलेली होती. शेजारच्या जागेवर रबरी पट्ट्या, हाताने दाबायचे मऊ चेंडू, चहाचा थर्मास आणि जास्तीचे बूट. मागे घडीची काठी. कुणाचं तरी राहतं घर असावं तसं सगळं जागच्या जागी होतं.

किल्ली फिरवली. पिवळा पाना लागला आणि राहिला. मी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढला आणि सहज, पडद्यावर लिहायला काहीतरी हवं म्हणून, गाडीचं माहितीपत्रक फोनवर उघडलं. सर्व्हिसच्या पानावर लिहिलं होतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

हे वाक्य मी कॅलेंडर करताना वाचलं होतं. नक्की वाचलं होतं. पण माझ्या कॅलेंडरात चौकोन होते ते तारखांचे. किलोमीटरला चौकोन नव्हता, म्हणून मी किलोमीटर सोडून दिले आणि वर्ष तेवढं लिहून घेतलं. झगा हातांना बसत नाही म्हणून हातच कापून टाकावेत, तसलं हे शिवणकाम.

काचेच्या कोपऱ्यात गेल्या सर्व्हिसची चिठ्ठी होती, त्यावर तेव्हाचा आकडा. मी वजाबाकी केली. मग पुन्हा केली. सात महिन्यांत गाडी दहा हजार ओलांडून पार पुढे, चौदा हजारांच्या घरात गेली होती. पूर्वी अख्ख्या वर्षात ती एवढी पळत नसे. माझ्या फोनवर तो चौकोन मात्र निर्धास्त हिरवा होता.

आता एखाद्या शहाण्या माणसाने बायकोला विचारलं असतं. मी वर जाऊन मुलीला धरलं.

"गाडी कुणीतरी फिरवतंय," मी म्हणालो. "खरं सांग, मी रागावणार नाही."

ती दात घासत होती. तिने तोंड धुतलं, पुसलं, आणि म्हणाली, "बाबा, मला लायसन्सच नाही. 'मुलीचं लायसन्स' असं तुझ्या कॅलेंडरात पुढच्या वर्षी टाकलंयस तू. जांभळ्या रंगात."

मी बायकोकडे गेलो. आकडा दाखवला.

"मीच चालवते," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

"पण क्लिनिक तर कोपऱ्यावर आहे."

तिने कप खाली ठेवला. "क्लिनिकमध्ये मी आता फक्त संध्याकाळी असते. दिवसा घरोघरी जाते. सांगितलं होतं तुम्हाला. त्या टोकाला रोज दोन, मध्ये एक, आणि नदीपलीकडचे ते मास्तर आठवड्यातून तीनदा. रहदारी असली की दोन-दोन तास गाडीतच जातात."

"सांगितलं होतंस?"

"तुम्ही 'हो का' म्हणालात."

तिचा आवाज चढला नव्हता. माझ्या घरात गीझरच्या कांडीची तब्येत मला तोंडपाठ होती. माझी बायको रोज किती लांब जाते हे मात्र मला गाडीच्या काचेखाली वाचायला लागलं, आणि तेही मी चुकून, फोटोसाठी गेलो म्हणून. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तिची पाठ दुखते रोज. मी चोळून देते." एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

मी गॅरेजला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, आवाज येतोय म्हणता तर आजच आणा. गाडी मीच घेऊन निघालो. ब्रेकवर हलका पाय ठेवला की चिर्र व्हायचं आणि रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. प्रत्येक सिग्नलला हे झालं. गेले कित्येक आठवडे बायको रोज अशीच सगळ्यांच्या नजरा झेलत गेली असणार.

गॅरेजमधल्या बाईंनी चाक काढून घेतलं, आत बघितलं आणि मला बोलावलं. ब्रेकच्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते, त्या म्हणाल्या. पॅड झिजत आला की ती फिरणाऱ्या चकतीला घासते आणि ओरडते. ती ओरडण्यासाठीच बसवलेली असते. "चकत्या वाचल्या आहेत. पण अजून थोडे दिवस गेले असते तर नसत्या वाचल्या." इंजिनचं तेल काळं झालं होतं, हवेचा फिल्टर धुळीने भरला होता. पॅड मागवायला लागणार होते, त्यामुळे गाडी संध्याकाळी मिळेल.

संध्याकाळी, म्हणजे बायकोचा दिवस गाडीविना. मी फोन केला आणि म्हणालो, "मी सोडतो तुला स्कूटरवर. सगळीकडे."

ती म्हणाली, "तुमचं उद्याचं व्याख्यान तयार व्हायचंय ना?"

"ते राहू दे."

"बरं. सामान धरायला येईल तुम्हाला?"

गाडीतलं तिचं सामान घेऊन मी रिक्षाने घरी आलो. स्कूटर कॅलेंडरात नव्हतीच. आता सांगायला लाज वाटते, पण मोजण्यासारखं वाहन म्हणजे चार चाकांचं, असं माझं मत होतं. मागच्या चाकात हवा कमी होती, ती कोपऱ्यावर भरून घेतली. मग आम्ही निघालो. मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी, माझ्या पायांपाशी रबरी पट्ट्या आणि हँडलला अडकवलेली घडीची काठी. वळताना काठी आधी वळायची, मग आम्ही.

दुपारपर्यंत मी तीन इमारतींचे जिने चढलो. लिफ्ट एकीलाच होती आणि ती दुरुस्तीला काढली होती. मला घाम फुटला होता. बायकोला नव्हता. नदीपलीकडच्या मास्तरांच्या घरी पोचलो तेव्हा मी खुर्ची दिसताच बसलो.

मास्तर गणित शिकवायचे. पक्षाघाताने त्यांचा उजवा पाय आणि बोलणं दोन्ही मंदावलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे... कोण?"

"गाडी सर्व्हिसला दिलीय, म्हणून यांना आणलं," बायको म्हणाली.

मास्तर हसले, सावकाश, एका बाजूने.

मग तिने काम सुरू केलं. कमरेला पट्टा बांधून त्यांना खुर्चीतून उठवलं, बसवलं, पुन्हा उठवलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, गुडघ्याकडे बघत होती. एकदा उठताना गुडघा जरासा थरथरला. मला तो दिसलाही नसता. तिने लगेच त्यांना बसवलं. "आजचं झालं."

"अजून... दोनदा... ठरलंय," मास्तर म्हणाले. भिंतीवर लावलेल्या तक्त्यात तसं होतं खरं. तक्ता तिनेच लिहिला होता, अक्षर ओळखीचं होतं.

"तक्ता मी लिहिलाय. आज पाय दमलाय. पुढच्या वेळी बघू, बरा असला तर दोन जास्तीचे घेऊ."

बोलण्यासारखं एकच वाक्य सुचत होतं आणि ते माझ्याविरुद्ध जात होतं.

परतताना पुलावर रहदारी अडली. मी म्हणालो, "तू हे रोज करतेस."

"हो."

"आणि वर पाठीला उशी लावून चालवतेस."

"उशी दिसली का तुम्हाला," ती म्हणाली. तिने हनुवटी क्षणभर माझ्या खांद्यावर टेकवली. दमली म्हणून असेल, किंवा पिशवी घसरत होती म्हणून. मी विचारलं नाही.

संध्याकाळी गाडी घ्यायला दोघं गेलो. गॅरेजच्या बाईंनी नवी चिठ्ठी चिकटवायला घेतली. त्यावर दोन गोष्टी होत्या: पुढचा आकडा आणि पुढची तारीख. मी बायकोला विचारलं, महिन्याला साधारण किती होतात? ती म्हणाली, दोन हजार, आणि पुढच्या महिन्यापासून आणखी एक रुग्ण आहे, तोही लांबचा. मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. वर्षभर थांबणं जमणारच नव्हतं. पाच महिन्यांत, किंवा त्याच्याही आधी गाडी परत इथे हवी होती. मी वर्षाचा चौकोन पुसला आणि तारीख अलीकडे आणली. शिवाय दर रविवारी किलोमीटर वाचायची एक आठवण टाकली, म्हणजे वेग वाढला तर तारीख आणखी अलीकडे ओढता येईल. ती टाकताना विचारलं, "सकाळी सातला?"

"नऊला," बायको म्हणाली. "आणि फक्त तुमच्या फोनवर."

दुसऱ्या दिवशी व्याख्यानात मी पडदा लावला तेव्हा गाडीचा चौकोन मागच्या सात महिन्यांपैकी शेवटचे दोन महिने लाल करून आणला होता. काय झालं ते सांगितलं. मुलीच्या लायसन्सवर लोक हसले. ब्रेकच्या जिभेवर हसले नाहीत. चहाच्या वेळी एक जण माझ्याजवळ आला आणि म्हणाला की त्याच्याही घरी कुणीतरी बऱ्याच दिवसांपासून काहीतरी सांगतंय, आणि आता तो फोन करून येतो. मी त्याला जाऊ दिलं. उशिरा आल्याबद्दल मी एरवी लोकांना टोकतो.

आता रविवारी नऊला आम्ही दोघं गाडीपाशी जातो. ती आत बसून आकडा सांगते, मी लिहून घेतो. मग ती सांगते हे किलोमीटर कुठले: यातले इतके मास्तरांचे, इतके त्या टोकाचे, आणि हे जे जास्त दिसतायत ते रस्ता चुकले त्या मंगळवारचे. गेल्या रविवारी तिने सांगितलं की मास्तर काठी न घेता दारापर्यंत आले आणि दार त्यांनीच उघडलं. मी लिहिणं थांबवून ऐकलं. आकडा राहूनच गेला. वर आल्यावर पुन्हा खाली जाऊन बघून आलो.